मदत हवी आहे : कार्ड फॉरमॅट केलं की क्लिप पुन्हा C0001 पासून, फुटेज कसं ठेवू?

कपाशीवाला : अमळनेर तालुक्यात अहिराणी लघुपटाचं चार दिवसांचं शूट आहे. सोनीचा एक कॅमेरा, 64 जीबीची दोन कार्डं, 1 टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एक लॅपटॉप. आणखी काही घेणं परवडणार नाही. चाचणीत दिसलं की कार्ड फॉरमॅट केल्यावर क्लिप पुन्हा C0001.MP4 पासून सुरू होतात. म्हणजे एका फोल्डरमध्ये टाकलं की लॅपटॉप ‘रिप्लेस करू का’ विचारणार. रात्री दमलेला माणूस हो म्हणाला तर आख्खा सीन जाईल. काय पद्धत ठेवू?

धुळे व्हिडिओ : मी लग्नाचं सगळं रात्रीच गूगल ड्राइव्हवर चढवतो. घरी फायबर आहे, सकाळपर्यंत होतं.

कपाशीवाला : भाऊ, 100 एमबीपीएसवर शूट केलं की तासाला साधारण 45 जीबी होतात. शेतावर मोबाइलचा एकच दांडा येतो.

बोदवडचा एडिटर : कॉपी करतानाच प्रत्येक क्लिपला सीन आणि टेकचं नाव द्या. एडिटला शोधावं लागत नाही.

तापीकाठ : शोधण्याची सोय हवीच, पण मूळ क्लिपचं नाव बदलू नका. सोनी प्रत्येक क्लिपसोबत C0001M01.XML अशी फाइल ठेवतो, तिची जोडी तुटते. शिवाय एका डिस्कवर एक नाव, दुसरीवर दुसरं झालं की दोन्ही प्रती सारख्या आहेत का ते कळत नाही. नाव फोल्डरला द्या:

```
20251204_D1_A01
20251204_D1_A02
20251205_D2_A03
```

तारीख वर्षापासून लिहिली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. D म्हणजे शूटचा दिवस, A म्हणजे कॅमेरा. पुढचा आकडा चारही दिवस वाढतच जातो. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड पुन्हा वापरलं तरी ते A03. आत कार्डावरचं सगळं जसंच्या तसं, PRIVATE फोल्डरसकट. सीन-टेक वहीत लिहा: ‘सीन 7, टेक 3, A03, C0012’.

कॉपी दोन्ही वेळा कार्डावरूनच करा. पहिल्या डिस्कवरून दुसरीवर केली तर पहिलीतली खराबीही तिकडे जाते. टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्राममध्ये व्हेरिफाय चालू ठेवा. नुसता आकार जुळला म्हणून आतला डेटा बरोबर असेलच असं नाही. भरलेलं कार्ड एका डिस्कवर जायला दहा-बारा मिनिटं, तपासायला जवळपास तेवढीच. दोन डिस्क धरून कार्डामागे पाऊण तास. दोन्ही तपासून झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं, तोवर त्यावर लाल चिकटपट्टी.

बोदवडचा एडिटर : XML मी कधी वापरली नाही, अडलंही नाही. पण वहीची गोष्ट पटली.

कपाशीवाला : दिवसाला दोन तास धरले तरी चार दिवसांचे 360 जीबी, म्हणजे डिस्क पुरतात. एक डिस्क कॅमेरामनच्या घरी ठेवेन. पण दुपारीच दोन्ही कार्डं भरली तर? शेतावर लाइट जाते, लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे.

तापीकाठ : जेवणाच्या सुट्टीत एक कार्ड उतरवा. मात्र डिस्कही लॅपटॉपचीच वीज खाते. आधी घरी चार्जर काढून पाऊण तास कॉपी चालवून बघा.

धुळे व्हिडिओ : गाडीच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालवलाय का कुणी?