मदत हवी आहे: एचआयव्ही आटोक्यात आहे, कावीळ-बीची लस लागली नाही. आता काय?

विट्याचा_वाटसरू
प्रश्न दाजींसाठी आहे. वय 44, मुक्काम विटा. सांगलीच्या सिव्हिलमधल्या एआरटी सेंटरमधून चार वर्षं टीएलडीची गोळी चालू आहे, एकही दिवस चुकलेली नाही. सीडी4 520, व्हायरल लोडच्या रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. मागच्या वर्षी एका खासगी दवाखान्यात हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतले, 0, 1 आणि 6 महिन्यांनी. आता लसीनं प्रतिपिंडं तयार झाली का ते बघायला अँटी-एचबीएस तपासलं तर 4 आलं, 10 च्या वर पाहिजे म्हणतात. घरातली मंडळी म्हणतात, "या आजारात लस घ्यायचीच नसते, अंगावर येते." खरं काय? आणि बाकी कोणत्या लसी घ्याव्यात?

सोनहिरा
लाइव्ह लस अजिबात नाही, बाकी सगळ्या चालतात. कावीळ-बीचा एक बूस्टर मारा, आकडा येईल वर. एवढं काय त्यात!

माणदेशी_माणूस
एचआयव्हीवर लस निघाली का? सांगलीत कुठं मिळते? आमच्या ओळखीत एकाला पाहिजे होती.

विट्याचा_वाटसरू
नाही हो भाऊ, एचआयव्हीवरची लस नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाला दुसऱ्या रोगांच्या कोणत्या लसी चालतात, ते विचारतोय.

कृष्णाकाठ
वाटसरू, आधी तीन गोष्टी सांगा. अँटी-एचबीएस शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी केलं? कावीळ-बी आत्ता अंगात आहे का ते सांगणारी एचबीएसएजी आणि तिची लागण कधी झाली होती का ते सांगणारी अँटी-एचबीसी टोटल या दोन तपासण्या झाल्यात का? आणि सुई दंडाला दिली की कमरेला?

विट्याचा_वाटसरू
शेवटच्या डोसनंतर नऊ महिन्यांनी केलं. एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, दुसरी केलेलीच नाही. सुई कमरेत दिली. दाजी म्हणाले, "दंडाला दिली की काम करताना हात दुखतो," म्हणून त्यांनीच तशी मागितली होती.

कृष्णाकाठ
मग गोम तिथंच आहे. ही लस दंडाच्या वरच्या स्नायूत द्यायची असते. कमरेला चरबीचा थर जाड असतो, लस बऱ्याचदा स्नायूपर्यंत पोचतच नाही आणि प्रतिपिंडं कमी तयार होतात. प्रौढाला कमरेत दिलेला या लसीचा डोस हिशेबात धरत नाहीत, रक्तात पुरेशी प्रतिपिंडं दिसली तरच धरतात. दाजींची तेवढी दिसत नाहीत. म्हणजे "शरीरानं लस स्वीकारली नाही" असं म्हणायचं कारण नाही, ती नीट दिलीच गेली नाही.

दुसरी अडचण वेळेची. अँटी-एचबीएस शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत बघायचं. नऊ महिन्यांनी 4 आलं, तर आधी 10 च्या वर जाऊन उतरलं की चढलंच नव्हतं, हे कळायला मार्ग नाही. डोस दंडात झाले असते तर सोनहिरा म्हणतात तसा एक डोस देऊन महिन्या-दोन महिन्यांनी आकडा बघणं चाललं असतं. इथं पायाच कच्चा आहे, तेव्हा मी पहिल्यापासून सुरू करायला सांगेन.

त्याआधी अँटी-एचबीसी टोटल करून घ्या, आणि जुना झाला असेल तर एचबीएसएजी पुन्हा करा. हे रक्त लसीच्या आधीच द्यायचं. डोसनंतर दोन-अडीच आठवड्यांपर्यंत लसीतल्याच प्रथिनामुळं एचबीएसएजी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि घर उगाच घाबरतं. खरंच पॉझिटिव्ह निघालं तर लसीचा उपयोग नाही. पण टीएलडीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं कावीळ-बीवरही चालतात. अशा माणसानं गोळी मनानं बंद केली तर लिव्हर एकदम भडकू शकतं.

दोन्ही निगेटिव्ह असतील तर दुप्पट डोस, म्हणजे दर वेळी 40 मायक्रोग्रॅम, 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी. सीडी4 चांगला असला तरी एचआयव्हीत साध्या डोसला प्रतिसाद कमी मिळतो, म्हणून दुप्पट. शेवटच्या डोसनंतर महिना ते दोन महिन्यांत अँटी-एचबीएस, तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सोनहिरा
दुप्पट डोसचे तीनच देतात असंही ऐकलंय. 0, 1, 6.

कृष्णाकाठ
देतात, दोन्ही पद्धती आहेत. दाजींचं एक वर्ष वाया गेलंय म्हणून मी चारकडं झुकतो. एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनी तीन म्हटलं तर त्यावर भांडू नका.

औषधवाला_मिरज
दुकानाच्या बाजूनं सांगतो. प्रौढांची कुपी 1 मिलीची, 20 मायक्रोग्रॅमची. लहान मुलांची अर्धा मिलीची, 10 ची. चिठ्ठीवर नुसतं 'हिपॅटायटिस बी' असेल तर एकच कुपी हातात पडते, कधी लहान मुलांचीही. त्यामुळं '40 मायक्रोग्रॅम, प्रौढांच्या दोन कुप्या' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. आजाराचं नाव चिठ्ठीवर लागत नाही, आम्हाला कारण सांगायचीही गरज नाही. दोन सुया दोन दंडांना घ्या, किंवा एकाच दंडात इंचभर अंतर सोडून.

सांगलीतून विट्याला नेताना लोक कुपी थेट बर्फात खुपसतात. ही लस उन्हानं जेवढी बिघडते, त्याहून लवकर गोठल्यानं बिघडते. 2 ते 8 अंश पाहिजे. बर्फाच्या पॅकला वर्तमानपत्र गुंडाळा, मधे पुठ्ठा घाला, घरी फ्रीजरमध्ये ठेवू नका. कुपी हलवून बघा: दुधट आणि एकसारखी दिसली पाहिजे. कण दिसले आणि थोड्याच वेळात साका तळाला बसला तर ती गोठून गेलेली आहे असं समजा, टोचून घेऊ नका. खरं तर जिथं टोचणार तिथल्याच फ्रीजमधली घ्यावी, ही यातायातच नको.

विट्याचा_वाटसरू
खूप मदत झाली. आणि ते "अंगावर येते" प्रकरण?

कृष्णाकाठ
कावीळ-बीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, ती अंगावर येऊच शकत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. टीएलडीशी तिचं भांडण नाही. फक्त व्हायरल लोडचं रक्त लसीच्या आधी द्या किंवा चारेक आठवडे थांबून द्या. लसीनंतर आकडा थोडा वेळ किंचित हलू शकतो, आणि मग गोळी फेल गेली की काय अशी नसती शंका येते.

सोनहिरांचं "लाइव्ह अजिबात नाही" हे अर्धं बरोबर आहे. सीडी4 200 च्या खाली असेल तर नाहीच. 520 वर गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस, आधी प्रतिकारशक्ती नसेल तर, देता येते. बीसीजी मात्र नको, आणि फ्लूची नाकात फवारायची लसही नको.

बाकीच्यात मी न्यूमोनियाची लस आधी धरीन. पीसीव्ही-20 मिळाली तर एकच सुई. पीसीव्ही-13 मिळाली तर कमीत कमी 8 आठवड्यांनी पीपीएसव्ही-23. क्रम उलटा करू नका: 23 आधी घेतली तर दुसरीसाठी वर्षभर थांबावं लागतं. फ्लूची सुई दर वर्षी, आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडावर. धनुर्वाताची दर दहा वर्षांनी.

तासगावकरीण
नागिणीच्या लसीचं काय? माझ्या भावाला सांगितलीय, पण दोन डोसांचा खर्च ऐकून तो गप्पच बसलाय. त्याचा सीडी4 600 आहे.

कृष्णाकाठ
ताई, ती नवी दोन डोसांची लस जिवंत नाही, त्याला चालते. पैशाचंच म्हणाल तर मी आधी कावीळ आणि न्यूमोनिया उरकेन. वयानं पन्नाशी गाठली असेल किंवा आधी नागीण होऊन गेली असेल तर पारडं फिरतं. वय किती त्याचं?

विट्याचा_वाटसरू
सोमवारी दाजींचं रक्त देतोय, अँटी-एचबीसी टोटल आणि एचबीएसएजी दोन्ही. रिपोर्ट आला की इथंच टाकतो. दंडाला सुई घ्यायला तयार झालेत, पण द्राक्षाची छाटणी उरकल्यावर म्हणतात.