प्रतिसाद : आधी नकाशा आणि भिंत जुळवा

> घर पूर्ण होत आलंय, दसऱ्याला राहायला जायचंय. पूर्णत्वाच्या दाखल्याला काय काय लागेल?

मालकीचे कागद, म्हणजे खरेदीखत, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, तुम्ही परवान्याच्या वेळीच दिले असतील. आता मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, जोते तपासणीचा दाखला, आर्किटेक्टचं काम पूर्ण झाल्याचं पत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला काढून ठेवा. मिळकतकराची पावतीही असू द्या.

पण फाईल बहुधा कागदावर अडत नाही, भिंतीवर अडते. जुळे सोलापुरात आमचं घर बांधताना गवंड्याच्या सांगण्यावरून जिना बाहेरच्या बाजूला घेतला. नकाशात बाजूला दीड मीटर मोकळी जागा होती, जिन्याने त्यातली जवळपास एक मीटर खाल्ली. आर्किटेक्टने सही करायलाच नकार दिला (बरोबरच होतं त्यांचं). शेवटी जिना तोडून आत घेतला आणि बदललेल्या खोलीसाठी सुधारित नकाशा मंजूर करून घेतला. आतला बदल नियमात बसत असेल तर असा सुधारित नकाशा चालतो. मोकळ्या जागेतलं बांधकाम मात्र सहसा बसत नाही.

म्हणून अर्जाआधी टेप घेऊन चारी बाजू मोजाच. परवान्याची तारीखही बघा, तो एक वर्षाचा असतो, त्या मुदतीत काम सुरू झालं नसेल तर मुदतवाढ दरवर्षी घ्यावी लागते; मुदतीत काम सुरू केलं असेल तर काम पूर्ण होईपर्यंत तो चालतो.