नीरजाचं मोटिव्हेशन लेटर: कुठला प्रसंग ठेवायचा?

सुजाता (ए-४०२): नमस्कार मंडळी. नीरजाचं जर्मनीच्या एमएस्सीसाठीचं पत्र वर टाकलंय. विषय वनस्पती रोगशास्त्र. मर्यादा एका पानाची, आणि हिचं अडीच पानं झालंय. गोखले सर, जमलं तर बघाल का?

गोखले सर (बी-१०१): वाचलं. दुसरं पान लागलं तरी ही पोरगी अजून दहावीतच आहे 😄 आजोबांची शेती, विज्ञान प्रदर्शन, लॉकडाउन, सगळं आलंय. हाच विषय का, ते मात्र शेवटच्या चार ओळींत उरकलंय.

नीरजा: सर, आवड लहानपणापासूनची आहे हे दिसायला नको का?

गोखले सर: 'लहानपणापासून आवड' असं प्रत्येक अर्जात असतं गं. वाचणाऱ्याच्या टेबलावर गठ्ठा पडलेला असतो, तिथे ते वाक्य डोळ्यांना दिसतही नाही. आधी मला सांग, या विषयात पहिल्यांदा कुठे अडलीस? इंग्रजी राहू दे, इथे मराठीतच लिही.

नीरजा: निफाडला, मामांच्या द्राक्षबागेत. रात्री पाऊस झाला होता. सकाळी दहा वाजले तरी आतली पानं ओलीच. शेजारच्या बागेत फेलफुटी, म्हणजे जादा फुटी, काढलेल्या होत्या, तिथली पानं सुकून गेली होती. पुढे डाउनी हा पानांवरचा रोग मामांकडे जास्त आला.

गोखले सर: हे अडीच पानांत कुठेच नाही!

नीरजा: मला वाटलं फारच किरकोळ आहे.

पाटील काका (सी-२०३): अगं त्या वर्षी मामांचं नुकसान किती झालं, कर्ज किती, तेही लिही. गोऱ्यांना कळू दे शेतकऱ्याचे हाल.

गोखले सर: काका, हाल खरे आहेत, पण प्रवेश मामांना घ्यायचा नाहीये. कर्जाची गोष्ट वाचून माणूस हळहळेल आणि पुढचा अर्ज उघडेल. ओलं पान वाचलं की त्याला कळतं, ही मुलगी बागेत उभी राहून नीट बघते. डाउनीचा बुरशीसारखा जंतू पानावरच्या पाण्याच्या थरातून आत शिरतो, त्यामुळे पान किती तास ओलं राहिलं हा त्यांच्या शास्त्रातलाच प्रश्न आहे.

वॉचमन ऑफिस: मोटर चालू आहे, टाक्या भरून घ्या.

नीरजा: सर, असं चालेल?

_'दुसऱ्या वर्षाला असताना, ऑक्टोबर छाटणीनंतर, मी निफाडला मामांच्या द्राक्षबागेत होते. रात्रीच्या पावसानंतर सकाळी दहालाही त्यांच्या वेलींची आतली पानं ओली होती; शेजारच्या बागेत फेलफुटी काढल्या होत्या, तिथली सुकली होती. पुढे डाउनी मामांकडे जास्त दिसली. रोग पानांच्या ओलाव्यामुळेच वाढला. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी त्यावरच केला.'_

गोखले सर: छान, पाच वाक्यांत बसलं. फक्त चौथं काढ. दोन्ही बागांची फवारणी सारखी होती का? जात एकच होती का?

नीरजा: जात एकच. फवारणीचं नाही माहीत.

गोखले सर: मग 'मुळेच' म्हणू नकोस. 'ओलाव्याचा यात वाटा किती, हे मला सांगता येईना' असं लिही. मुलाखतीत कोणी खोदून विचारलं तर हे टिकेल, आणि प्रकल्प का केला तेही त्यातूनच कळेल. प्रकल्पात काय मोजलंस?

नीरजा: दाट आणि विरळ फुटींच्या वेलींवर पान सुकायला लागणारा वेळ. पण एकाच बागेत, एकच हंगाम.

गोखले सर: तेही लिही. एकाच बागेवरून फार सांगता येत नाही, म्हणून रोगाचा अंदाज बांधायच्या पद्धती शिकायच्यात, असा पुढचा परिच्छेद आपोआप येतो. त्यांच्या अभ्यासक्रमात त्यावर विषय असेल तर त्याचं नाव तिथेच घाल. पत्राची पहिली ओळ मात्र अर्ज कशासाठी याची. प्रसंग दुसऱ्या ओळीपासून.

सुजाता: मग आजोबा पूर्णच काढायचे? त्यांना वाईट वाटेल हो 🙈

गोखले सर: काढून वाचा. आजोबांचा परिच्छेद गेला तरी पुढचं काही अडत नाही. ओलं पान काढलं तर 'हा प्रकल्प का?' असं लगेच विचारावंसं वाटतं. जो प्रसंग काढल्यावर खड्डा पडतो, तेवढाच ठेवायचा. दहावीचे टक्के आणि प्रदर्शनाचं बक्षीस सीव्हीत जाईल.

पाटील काका: आणि डाउनी त्यांना कळेल का? आपल्याकडे चहाच्या टपरीवरही कळतं म्हणा.

गोखले सर: त्यांच्याकडेही द्राक्षं आहेत काका, रोगही तोच 😄 शास्त्रीय नाव एकदा दिलं की पुरे. फेलफूट मात्र समजावून लिही, 'वेलीवरच्या जादा फुटी' असं.

नीरजा: मामांना विचारते फवारणीचं, मग रात्री नवीन प्रत टाकते. एका पानात बसेल बहुतेक.

सुजाता: आजोबांना मी सांगते 🙏