विमानाच्या दारातलं 'नमस्कार' आणि न संपणारं स्वागत

मुसाफिर: परवा मुंबईहून नागपूरला जाताना दारात उभ्या असलेल्या मुलीने माझ्या मागच्या माणसाकडे बघत मला 'गुड मॉर्निंग' घातलं. नंतर स्वागताची घोषणा आधी हिंदीत, मग इंग्रजीत, संपता संपेना. माझं मत: दारातलं अभिवादन बंद करा आणि घोषणा दोन वाक्यांवर आणा. पटतंय का?

घाटावरचा: नाही पटत. घोषणा नियमानेच करावी लागते, त्यात कुणाला काटछाट करता येत नाही. आणि दिवसातलं चौथं उड्डाण असताना १८० जणांकडे बघून हसायचं म्हणजे काय, ते एकदा करून बघा.

निवृत्त ताई: बावीस वर्षं केबिनमध्ये काढली, पुढे नव्या मुलींना शिकवलं. घाटावरचे, तुमचं अर्धं बरोबर. पट्टा, दारं, धूम्रपान हे सांगावंच लागतं. पण 'आमच्या परिवारात आपलं हार्दिक स्वागत' पासून खाद्यपदार्थांच्या यादीपर्यंतचं सगळं कंपनीचं असतं आणि ते कमी करता येतं. २०१९ मध्ये एअर इंडियाने प्रत्येक घोषणेच्या शेवटी 'जय हिंद' म्हणायला सांगितलं होतं, ते काही सुरक्षेच्या नियमात नव्हतं.

मुसाफिर, दारातलं अभिवादन मात्र बंद करू नका. ते तुमच्यासाठी कमी आणि आमच्यासाठी जास्त असतं. १८० माणसं २५ मिनिटांत चढवायची म्हणजे एकाला जेमतेम आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात चेहरा बघायचा, तोंडाला दारूचा वास येतोय का ते बघायचं, कुणाच्या पायाला प्लास्टर आहे, कुणाला धाप लागली आहे, आणीबाणीत दाराजवळ मदतीला कोण उपयोगी पडेल, हे टिपायचं. म्हणून मी मुलींना सांगायचे, नुसतं 'नमस्कार' म्हणून थांबू नका, 'नमस्कार, सीट कुठली?' असं विचारा. माणसाला उत्तर द्यावं लागतं आणि जीभ जड असेल तर तिथेच कळतं. शंका आली तर कॅप्टनला सांगायचं. दार लागल्यावर हे निस्तरणं फार महागात पडतं.

मागच्या माणसाकडे बघत अभिवादन करणारी मुलगी म्हणूनच चुकली. तिने तुम्हाला पाहिलंच नाही.

सोलापुरी चादर: आमच्या सासूबाई सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसल्या. दारातल्या मुलीने हात जोडून 'नमस्कार आजी' म्हटलं आणि 'तुमची जागा उजव्या हाताला' म्हणून दाखवली. त्या अजून तेवढंच सांगतात. विमान कसं उडालं ते त्यांना आठवत नाही.

निवृत्त ताई: तो 'उजवा हात' शिकवावा लागतो. पुढच्या दाराने आत येऊन मागे वळलं की 'ए' ची खिडकी उजव्या हाताला येते. नवी मुलगी नाकाकडे तोंड करून विचार करते, डावीकडे सांगते आणि मग चौदाव्या रांगेत दोघं समोरासमोर अडकतात.

डोंबिवली फास्ट: घोषणा मराठीतच हव्यात! गेटवर काय बोलतात काही कळत नाही, परवा गेट बदलल्याचं आम्हाला शेवटी समजलं.

मुसाफिर: दादा, ते विमानतळाचं झालं. मी विमानातल्याबद्दल बोलतोय.

घाटावरचा: बरं, कंपनीचा भाग कापता येतो हे मान्य. पण दोन मिनिटं ऐकलं तर बिघडतं काय? लोकांना आपुलकी नको झाली आहे.

निवृत्त ताई: बिघडतं. स्वागताचे दीडशे शब्द दोन भाषांत म्हणजे अडीच मिनिटं. धावपट्टी जवळ असेल तर मागून येणारं सुरक्षेचं प्रात्यक्षिक धावत आटपावं लागतं, कारण उड्डाणाआधी ते संपायलाच हवं. तोवर ऐकणारे कानात इअरफोन घालून मोकळे झालेले असतात. मी हे पुरे मानायचे: 'नमस्कार. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानात आपलं स्वागत. प्रवास साधारण दीड तासाचा. आता सुरक्षेची माहिती, कृपया इकडे लक्ष द्या.' आपुलकी आवाजातून कळते. हँडसेटचं बटण दाबून एक क्षण थांबायचं, मग बोलायचं. नाहीतर पहिलं अक्षर खाल्लं जातं आणि सगळ्या केबिनला 'मस्कार' ऐकू येतं. वाक्याच्या शेवटी आवाज गाण्यासारखा वर गेला की ओळखायचं, ही पाठ म्हणतेय.

घाटावरचा: पण पाठच असतं ना! रोज तेच चारदा म्हटल्यावर सूर लागणारच. मुलींना दोष देण्याआधी कंपनीला तुमच्या त्या चार वाक्यांचं सांगा.

निवृत्त ताई: सांगितलं होतं. खाद्यपदार्थांची यादी काढायला कुणी तयार नव्हतं.

मुसाफिर: दारातल्याबद्दल मी माघार घेतो. घोषणेबद्दल नाही. यादीतलं सँडविच मला नको होतं आणि ते दोनदा ऐकावं लागलं.