शब्दचर्चा: आळीपाळीने भाव पाडायचे आणि मग एकदम चढवायचे, याला मराठीत काय म्हणावं?

सायली (दादर)
इंधनाच्या किरकोळ बाजारावरचा एक अहवाल मराठीत करते आहे. ऑस्ट्रेलियातल्या शहरांत पेट्रोलपंप एकमेकांपेक्षा थोडा थोडा भाव कमी करत जातात. बऱ्याच दिवसांनी एक जण भाव एकदम वर नेतो, बाकीचेही त्याच्यामागे जातात आणि मग पुन्हा तीच उतरण सुरू होते. मी ‘किंमत-चढउतार’ लिहिलं, पण ते सपक वाटतं. आणखी दोन शब्द अडले आहेत: दुसऱ्यापेक्षा कमी भाव लावणं आणि भाव परत वर नेणं.

श्रीकांत
‘दरयुद्ध’ आहे की. वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द आहे.

देवदत्त
दरयुद्धात कोणाला तरी बाजारातून घालवायचं असतं, आणि युद्ध कधीतरी संपतं. इथे कोणी जात नाही आणि काही संपतही नाही. महिनोन् महिने तोच आकार उमटत राहतो. ‘चढउतार’ही नको, कारण त्यात चढ आणि उतार सारखे वाटतात. इथे उतार अनेक दिवसांचा आणि चढ एका दिवसाचा, कधी काही तासांचाच. आलेख काढला तर करवतीचे दात दिसतात, एक बाजू तिरकी आणि दुसरी सरळ उभी.

क्रियापदांबद्दल. भाव ‘पडतो’ तेव्हा कर्ता कोणी नसतो, आवक वाढली की भाव पडतो. इथे तो ‘पाडला’ जातो. म्हणून ‘आळीपाळीने भाव पाडणे’ नेमकं बसतं. परतीच्या टप्प्याला ‘उसळी’ म्हणू नये, उसळी आपोआप येते. इथे कोणीतरी ठरवून भाव ‘चढवतो’.

नूतन कुलकर्णी
‘उतरंड’ कसा वाटतो? मडक्यांसारखा एकावर एक लहान होत जाणारा भाव.

देवदत्त
चित्र छान आहे, पण उतरंड म्हटलं की आता जातींची किंवा हुद्द्यांची उतरंड आठवते. शिवाय उतरंड एका जागी उभी असते, ती उतरत नाही.

रमेश (भांडुप)
मुंबईत हे रोजच चाललंय की! सकाळी सहाला दर बदलतो. एका पंपावर काही पैसे जास्त, पुढच्यावर कमी. त्यात मापात मारतात ते वेगळंच. त्यावर लिहा.

देवदत्त
रमेशराव, हे ते नव्हे. आपल्याकडे 16 जून 2017 पासून दर रोज ठरू शकतो खरा, पण तो तेलकंपनी ठरवते. पंपवाल्याला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. समोरच्याने भाव पाडला म्हणून आपणही पाडावा, ही मोकळीक सरकारी कंपन्यांच्या पंपचालकाला नाही, आणि बहुतेक पंप त्यांचेच. दोन पंपांत दिसणारा पैशांचा फरक मुख्यतः वाहतूकखर्चाचा. पाळी नाही, कुरघोडी नाही, म्हणून चक्रही नाही. मापाची तक्रार असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. ते मागा, समोर मोजून दाखवावं लागतं.

श्रीकांत
मग हे ‘रॉकेट आणि पीस’च झालं. कच्चं तेल महागलं की पंपावरचा भाव रॉकेटसारखा वर जातो आणि स्वस्त झालं की पिसासारखा हळूहळू खाली येतो. यावर 1991 साली ब्रिटनमधल्या पेट्रोलचा अभ्यास झालेला आहे.

देवदत्त
अर्धं बरोबर. आलेख सारखाच दिसतो, पण कारण वेगळं आहे. रॉकेटला वर जायला खरेदीचा भाव वाढावा लागतो. इथे घाऊक भाव महिनाभर जागचा हलला नाही तरी पंपावरचा भाव खाली जाऊन वर येतो. त्यामुळे पडताळा सोपा: शेजारी घाऊक भावाची रेघ काढा. ती सपाट आणि पंपाची रेघ करवतीसारखी असेल, तर हे आपलं चक्र.

आकड्यांतूनही ओळखता येतं. समजा आठवड्यात एक दिवस भाव 24 सेंट चढला आणि सहा दिवस 4-4 सेंट उतरला. सरासरी बदल शून्य येतो, म्हणजे सरासरी काहीच सांगत नाही. पण रोजच्या बदलांचा मध्यक, म्हणजे बदल क्रमाने मांडले की मधोमध येणारा आकडा, उणे 4 येतो. बाजार एकूण जागच्या जागी असूनही मध्यक सतत उणे राहिला की चक्राचा संशय घ्यावा. एवढंच की शहराचा सरासरी भाव घेऊन हे करताना पंप वेगवेगळ्या दिवशी भाव चढवत असतील, तर दात बोथट होतात आणि चक्र असूनही दिसत नाही. शक्यतो एकेका पंपाची नोंद बघावी.

सायली
मला अडतं ते असं: भाव तळाला का थांबतो? आणि सगळ्यांनाच चढलेला भाव हवा असतो, तर पहिला कोण चढवेल यावर एवढं घोडं का अडतं?

देवदत्त
एक नाका घ्या, त्यावर समोरासमोर दोन पंप, अ आणि ब. मुंबईत हे घडत नाही, पण हिशेब रुपयांत सोपा पडतो. खरेदी लिटरला 100 रुपये पडते, 108 च्या वर गिऱ्हाईक या नाक्यावर येतच नाही. रोज 4000 लिटर खपतं. भाव सारखे असतील तर दोघांचे 2000-2000. एक जण रुपयाने जरी स्वस्त असला तरी त्याचे 3800, दुसऱ्याकडे उधारीवाले आणि सवयीचे मिळून 200. एक दिवस अ भाव बदलू शकतो, दुसऱ्या दिवशी ब.

दोघे 108 वर असताना प्रत्येकी 16,000 नफा. अ 107 ला आला तर 3800 गुणिले 7, म्हणजे 26,600. ब बघत बसला तर 1600 वर येतो. म्हणून तो 106 लावतो: 22,800. बरोबरी करून 107 लावला असता तर 14,000 च. असं एकेक रुपया खाली जातं. समोरचा 103 वर असताना 102 लावणं अजून परवडतं, 7600 विरुद्ध 6000. पण समोरचा 102 वर आला की 101 लावून 3800 मिळतात आणि बरोबरी करून 4000. इथे पाडणं थांबतं. या हिशेबात खरेदीच्या भावापर्यंत कोणी जातच नाही, हे लक्षात ठेवा. ‘तोट्यात विकतात’ असं भाषांतर कुठे झालं असेल तर तपासा.

आता 102 वर दोघे 4000-4000 कमावत बसलेत. दोघांनाही वर जायचंय. ब ने 108 लावला तर त्या दिवशी त्याला 1600 आणि 102 वर बसलेल्या अ ला 7600. दुसऱ्या दिवशी अ 107 वर येतो आणि 26,600 नेतो, ब पुन्हा 1600. तिसऱ्या दिवशी ब 106 लावून 22,800 कमावतो. म्हणजे चढवणं ब लाही फायद्याचंच, पण दुसऱ्याने चढवलं तर जास्त फायद्याचं. म्हणून दोघेही ‘आधी तू’ करत थांबतात. हा थांबा उतरणीइतकाच या चक्राचा भाग आहे, त्यालाही शब्द लागेल.

नूतन कुलकर्णी
‘आधी तू’ हाच शब्द घ्या ना! किंवा अख्ख्या प्रकाराला ‘उलटी सापशिडी’. सापशिडीत घराघराने वर चढतो आणि साप एकदम खाली आणतो, इथे घराघराने खाली आणि एका शिडीने वर.

श्रीकांत
पण सापशिडीत फासा असतो. इथे तर सगळा हिशेब आहे.

देवदत्त
फासाही आहे, तळाला. मास्किन आणि तिरोल यांनी 1988 मध्ये या चक्राचं गणित मांडलं. एजवर्थ या जुन्या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ते त्याला एजवर्थ चक्र म्हणतात. त्यात तळाला पोचल्यावर आज चढवायचं की थांबायचं हे प्रत्येक जण काही एका शक्यतेने ठरवतो, नक्की नाही. नक्की असतं तर दुसऱ्याने आरामात वाट बघितली असती.

प्रत्यक्षात बहुधा मोठी साखळी पुढे होते. तिचे अनेक पंप एकाच वेळी चढतात, त्यामुळे बाकीच्यांना इशारा स्पष्ट मिळतो. तरी फसतं कधीकधी. बाकीचे आले नाहीत तर ती मुकाट्याने खाली येते. नोंदीत एखाद-दोन दिवसांचं वर आलेलं टोक दिसलं तर ती चूक समजून पुसू नका, तो फसलेला प्रयत्न असू शकतो.

सायली
आमच्या अहवालात पर्थचा वेगळा उल्लेख आहे. तिथे माघार घेता येत नाही, असं लिहिलंय.

देवदत्त
हो. पश्चिम ऑस्ट्रेलियात 2001 पासून फ्यूएलवॉचचा नियम आहे. उद्याचा भाव आज दुपारी 2 पर्यंत कळवायचा, तो सकाळी 6 ला लागू होतो आणि 24 तास हलवता येत नाही. म्हणजे वर दिलेला नाक्याचा हिशेब तिथे जवळपास कायद्यानेच लिहिलेला आहे: पुढे होणारा किमान एक दिवस एकटा वर अडकतो. पुढे तिथे बीपी या तेलकंपनीच्या पुढाकाराने गुरुवारी चढवायचं आणि मग रोज 2 सेंट पाडायचे असा शिरस्ता पडला, नफाही वाढला. सिडनी-मेलबर्नला असा ठरलेला वार नाही, तिथे एक चक्र कित्येक आठवडे चालतं.

फरीदा (माहीम)
मग सरळ ‘संगनमत’ लिहा! सगळे गुरुवारीच चढवायचे म्हणजे काय?

देवदत्त
फरीदाताई, तिथेच थांबावं लागतं. संगनमत म्हणजे आपसांत ठरवणं. इथे कोणी बोललं असा पुरावा लागत नाही, नुसतं बघून शिकता येतं. माझ्या मते ‘समजून-उमजून’ म्हणावं.

फरीदा (माहीम)
‘समजून-उमजून’ म्हणजे त्यांना फारच सौम्यपणे सोडणं झालं. गिऱ्हाइकाच्या खिशाला दोन्ही सारखंच लागतं.

श्रीकांत
मला ‘साटंलोटं’ पटतं. त्यात लेखी करार नसतो, पण देवाणघेवाण असते.

देवदत्त
साट्यालोट्यात तू मला, मी तुला असं असतं. इथे खाली जाताना तर एकमेकांचं गिऱ्हाईक ओढणंच चालू असतं. नाही बसत.

सायली
हा शब्द मी मोकळाच ठेवते, मूळ लेखकांनीही ठेवलाय. बाकी असं धरते: अख्ख्या प्रकाराला ‘दरचक्र’, पहिल्यांदा येईल तिथे ‘करवती दरचक्र’, खाली जाताना ‘भाव पाडणे’, वर जाताना ‘भाव चढवणे’, तळाला ‘थांबा’. उलटी सापशिडी चौकटीत जाईल, नूतनताईंच्या नावाने. राहिला तो पहिला भाव चढवणारा. ‘अग्रणी’ लिहिलं तर तो पुढारी वाटतो.

नूतन कुलकर्णी
‘आगाऊ’ म्हणा. आधी येणाराही आणि नको तिथे पुढे होणाराही.

रमेश (भांडुप)
आगाऊला 1600 रुपयेच मिळतात पण.