नोटीस बोर्डवरच्या जाहिरातीचा फोटो आलाय, फ्रेशर म्हणून कव्हर लेटरमध्ये काय लिहू?

पहिलीच_नोकरी:
नमस्कार मंडळी, बीएस्सी केमिस्ट्री नुकतंच झालंय. मैत्रिणीने नोटीस बोर्डवरच्या एका जाहिरातीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. फोटो तिरका आलाय आणि खालचा उजवा कोपरा दुसऱ्या नोटिशीखाली गेलाय. वाचता येतं ते असं: पद ट्रेनी केमिस्ट, क्वालिटी कंट्रोल. टायट्रेशन येणं आणि नोंदी नीट ठेवायची सवय आवश्यक. शिफ्टमध्ये काम करायची तयारी हवी. अनुभव असल्यास प्राधान्य. अर्ज आणि रेझ्युमे ईमेलने, विषयात संदर्भ क्रमांक QC/TR/07 लिहावा, जाहिरात लागल्यापासून १० दिवसांत.

मी लिहिलेलं असं आहे: "आदरणीय सर/मॅडम, मी एक मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्याची जिद्द असलेली उमेदवार आहे. मला अनुभव नसला तरी आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करेन. माझ्यात नेतृत्वगुण आणि संघभावना आहे. कृपया माझा विचार व्हावा."

वाचलं की मलाच वाटतं हे कोणीही लिहू शकेल. पण अनुभवच नाही तर दुसरं लिहू काय?

धडपड्या:
एवढं टेन्शन घेऊ नकोस. लेटर कोणी पूर्ण वाचत नाही, छोटंच ठेव. आणि कॉलेजचं प्रोजेक्ट ६ महिन्यांचं असेल तर बिनधास्त "६ महिने अनुभव" लिही, तोही अनुभवच ना. मेलला जाहिरातीचा फोटोही जोड म्हणजे कुठल्या पोस्टसाठी ते त्यांना कळेल.

हसरी_सकाळ:
फोटो लेटरवर लावायची गरज नाही गं, रेझ्युमेवर उजव्या कोपऱ्यात लावतात. पांढरी पार्श्वभूमी, साधे कपडे आणि चेहरा स्पष्ट हवा.

पहिलीच_नोकरी:
@हसरी_सकाळ ताई, माझा फोटो नाही, जाहिरातीचा फोटो म्हणतेय मी :) पण रेझ्युमेसाठी लक्षात ठेवते.

रीडिंगवही:
मी बरीच वर्षं क्यूसी लॅबमध्ये आहे आणि ट्रेनींचे अर्ज पहिल्यांदा माझ्याच टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेटरच्या आधी तो फोटो बघ. मैत्रिणीला सांग, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं, त्यात बारीक अक्षरं जातात आणि फोटो कधी काढला ती माहितीही उडते. डॉक्युमेंट म्हणून आला की झूम करून वाचता येईल आणि फोटोची तारीखही बहुतेक मिळेल. पण फोटोची तारीख म्हणजे जाहिरात लागल्याची तारीख नव्हे, तुझे १० दिवस त्याआधीच सुरू झाले असतील. बऱ्याच बोर्डांवर कागद लावताना तारखेचा शिक्का मारतात किंवा पेनने तारीख घालतात आणि ती खालीच असते, म्हणजे नेमकी तुझ्या झाकलेल्या कोपऱ्यात. मैत्रिणीला परत जाऊन वरची नोटीस बाजूला करून समोरून सरळ एक फोटो काढता आला तर उत्तमच.

तो 07 सुद्धा खात्री करून घे. हाताने लिहिलेला असेल तर 1 आणि 7 तिरक्या फोटोत सारखेच दिसतात. आमच्याकडे मेल आधी संदर्भ क्रमांकावरून वेगळे होतात, चुकीचा क्रमांक म्हणजे तुझा अर्ज दुसऱ्याच पदाच्या फोल्डरमध्ये.

धडपड्याचं लहान लिहायचं म्हणणं मला पटतं, पण लहान असलं म्हणून कुणी वाचत नाही असं नाही, उलट लहान असेल तर मी पूर्ण वाचतो. आणि "६ महिने अनुभव" अजिबात लिहू नको. इंटरव्ह्यूला पहिलाच प्रश्न येणार, कुठल्या लॅबमध्ये, कोणाच्या हाताखाली, आणि तिथेच सगळं संपेल. जाहिरातीत "प्राधान्य" म्हटलंय, "आवश्यक" नाही. आवश्यक काय आहे? टायट्रेशन आणि नोंदी. म्हणजे लेटर या दोन गोष्टींवर उभं करायचं. आता मला सांग, तू स्वतःच्या हाताने काय केलंयस? प्रोजेक्टचं नाव नको, त्यात काय केलंस ते सांग.

उशिराची_गाडी:
माझी गोष्ट सांगते कारण मला महागात पडली. असाच फोटोवरून ईमेल पत्ता उतरवला, तिथे rn होतं आणि मी m टाइप केलं. मेल परत आली नाही म्हणून मला वाटलं पोचली. मेल परत येते ती असा पत्ताच नसेल तेव्हा, पण तो पत्ता दुसऱ्या कोणाचा असेल तर ती मुकाट त्याच्याकडे जाते. तीन आठवड्यांनी फोन केला तर म्हणाले तुमचा अर्जच नाही आमच्याकडे. तेव्हापासून पत्ता एक एक अक्षर मोठ्याने वाचून टाइप करते आणि जाहिरातीवर फोन नंबर असेल तर फोन करून विचारते.

पहिलीच_नोकरी:
@रीडिंगवही काका, शेवटच्या वर्षी पाण्याच्या कठीणपणावर प्रोजेक्ट होतं. पाण्याचे १२ नमुने घेतले, प्रत्येकाचं ईडीटीए टायट्रेशन तीन तीन वेळा केलं, इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारख्या लाल रंगावरून निळा झाला की थांबायचं. एका नमुन्याची तीन रीडिंग एकमेकांशी जुळतच नव्हती, नंतर लक्षात आलं की त्यातल्या दोन फ्लास्कमध्ये बफर घालायचाच राहिला होता. मग तो नमुना परत केला. चुकीची रीडिंग मॅडमनी खोडायला सांगितली होती, मी त्यांवर एकच आडवी रेघ मारली, बाजूला सही, तारीख आणि कारण लिहिलं. हे लिहायचं का? यात माझी चूक दिसते ना.

रीडिंगवही:
हेच लिहायचं!! दुसरं काही नसलं तरी चालेल. बफरशिवाय पीएच १० च्या आसपास राहत नाही आणि एंडपॉइंट धड दिसत नाही, हे तुला कारणासकट कळलं. आणि त्याहून मोठी गोष्ट ती एक रेघ. क्यूसीमध्ये चुकीची नोंद गिरवायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही, खालचा आकडा वाचता आला पाहिजे आणि शेजारी सही, तारीख. नवीन आलेल्यांना हे शिकवण्यात आमचे पहिले काही आठवडे जातात. फ्रेशरच्या लेटरमध्ये हे वाचलं तर मी तो अर्ज बाजूला काढून ठेवेन.

नेतृत्वगुण, संघभावना, सोनं करेन हे सगळं काढून टाक. "मला अनुभव नाही" हे वाक्यही नको, रेझ्युमेत वर्ष दिसतंच. त्या जागेवर हे असं बसव, शब्द तुझे ठेव:

"विषय: ट्रेनी केमिस्ट (क्वालिटी कंट्रोल) पदासाठी अर्ज, संदर्भ QC/TR/07

महोदय/महोदया,
नोटीस बोर्डवर लागलेल्या आपल्या जाहिरातीची माहिती मला मैत्रिणीकडून मिळाली. वरील पदासाठी मी अर्ज करत आहे. मी या वर्षी बीएस्सी केमिस्ट्री पूर्ण केलं आहे.

जाहिरातीत टायट्रेशनचा उल्लेख आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी पाण्याच्या १२ नमुन्यांचा कठीणपणा ईडीटीए टायट्रेशनने मोजला, प्रत्येक नमुन्याची तीन रीडिंग घेतली. एका नमुन्याची रीडिंग जुळली नाहीत, बफर राहिल्याचं लक्षात आल्यावर तो नमुना पुन्हा केला. आधीच्या नोंदींवर एक रेघ मारून कारण, सही आणि तारीख लिहिली. ती वही मी मुलाखतीला आणू शकते.

तिन्ही शिफ्टमध्ये काम करायची माझी तयारी आहे आणि मी लगेच रुजू होऊ शकते. रेझ्युमे सोबत जोडला आहे.
आपली विश्वासू"

खाली नाव आणि मोबाइल नंबर. फोटो मैत्रिणीने काढलाय म्हणून "मी पाहिली" लिहिलं नाही, कुणी विचारलं की बोर्ड कुठल्या मजल्यावर होता तर अडचण नको. आणि शिफ्टचं वाक्य खरंच तयारी असेल तरच ठेव. रात्रपाळी जमणार नसेल तर घरी आधी बोलून घे.

धडपड्या:
अनुभवाचं मागे घेतो, पटलं. पण फोटो जोडायला काय हरकत आहे ते अजून कळलं नाही.

रीडिंगवही:
हरकत अशी मोठी नाही. पण मेल उघडली की मला रेझ्युमे हवा असतो, आणि पहिली फाइल उघडली तर आमचीच जाहिरात. संदर्भ क्रमांक विषयात असला की पुरतं. क्रमांक वाचताच येत नसेल आणि दुसरा काही मार्ग नसेल तर मात्र फोटो जोड आणि एका ओळीत तसं लिही.

कोरा_कागद:
एचआरमध्ये काम करते म्हणून विचारते, लेटर मेलमध्येच टाइप करणार की वेगळी पीडीएफ? आमच्याकडे अटॅचमेंट तेवढ्या डाउनलोड होऊन पुढच्या डिपार्टमेंटला जातात, मेलमधला मजकूर तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून मी नेहमी पीडीएफ सांगते, आणि फाइलला स्वतःचं नाव द्यायचं. नुसतं resume.pdf नावाच्या फाइली आमच्याकडे ढिगाने असतात.

रीडिंगवही:
आमच्याकडे उलटं आहे, मला पूर्ण मेलच फॉरवर्ड होते आणि वेगळं लेटर उघडायचं राहून जातं. मी मेलमध्येच लिही म्हणेन.

कोरा_कागद:
मग दोन्हीकडे तेच टाकायला सांगू का? एकच मजकूर दोनदा दिसला तर काहींना खटकतं, पण हरवण्यापेक्षा बरं.

उशिराची_गाडी:
आणि पाठवायच्या आधी स्वतःलाच एकदा पाठवून बघ, अटॅचमेंट उघडते का ते मोबाइलवर तपास. जाहिरात मराठीत असेल तर लेटर मराठीत चालेल, पण रेझ्युमे इंग्रजीत असेल तर नावाचं स्पेलिंग मार्कशीटवर आहे तेच ठेव.

पहिलीच_नोकरी:
अपडेट देते. मैत्रीण आज परत गेली, वरची नोटीस उचलून फोटो काढला. क्रमांक 07 नाही, 01 आहे!! आणि कोपऱ्यात पेनने तारीख आहे, त्यावरून मोजलं तर उद्या शेवटचा दिवस येतो. पण लागल्याचा दिवस धरून १० की सोडून ते कळत नाहीये. फोन नंबर खालीच होता, दोनदा लावला, कोणी उचलला नाही.

लेटर तुमच्यासारखंच ठेवलं, फक्त "कठीणपणा" नंतर जाहिरातीतला शब्द आहे तसा टाकला, त्यांनी हार्डनेस लिहिलंय, ते आधी झाकलेल्या भागात होतं, "पाण्याच्या हार्डनेस तपासणीची माहिती असल्यास उत्तम" अशी पूर्ण ओळच होती तिथे. म्हणून प्रोजेक्टचा परिच्छेद वर घेतला. रात्रपाळीबद्दल घरी बोलले, बाबा अजून हो म्हणाले नाहीत, तर ते वाक्य काय करू?

रीडिंगवही:
आजच पाठव, दिवस मोजत बसू नको. "तिन्ही" काढ आणि "शिफ्टमध्ये काम करायची तयारी आहे" एवढंच ठेव, तेवढं तरी खरं आहे ना? नसेल तर ते वाक्यच काढ, बाकी लेटर त्याच्याशिवायही उभं राहतं. रात्रपाळीचं इंटरव्ह्यूला विचारतीलच, तोपर्यंत घरी ठरवा.

कोरा_कागद:
मला वाटतं शिफ्टची अट असताना त्यावर गप्प राहिलं की आमच्यासारखे लोक नाही असंच धरतात. मी असते तर दिवसाच्या दोन शिफ्ट स्पष्ट लिहिल्या असत्या.

पहिलीच_नोकरी:
दिवसाच्या दोन शिफ्टना बाबा हो म्हणालेत, तेच लिहिलं. मेलमध्ये मजकूर आणि पीडीएफ दोन्ही टाकलं, आधी स्वतःला पाठवून बघितलं, पत्ता मैत्रिणीने फोनवर एक एक अक्षर वाचून दाखवला. आत्ता पाठवली. सकाळी परत फोन लावते.