मदत हवी आहे: जेद्दाहून आलेल्या इलेक्ट्रिक प्रेशर कुकरच्या अरबी सूचना, मावशीसाठी मराठीत

सावनी_चि

माझी मावशी (वय ७४) चिपळूणला एकटी राहते. तिने ओळखीतल्या एकांकडून जेद्दाहून आणलेला कोरा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर विकत घेतलाय. ६ लिटरचा आहे. तळाच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, १००० वॉट असं इंग्रजीत आहे, पण पुस्तिका पूर्ण अरबीत. उर्दू वाचणाऱ्या एका गृहस्थांनी अक्षरं लावत सूचनांचं पान सांगितलं, ते मी उतरवून घेतलं. या चार ओळींवर गाडी अडली आहे:

"भांडे ४/० च्या वर भरू नये, फुगणारे पदार्थ ३/० च्या वर नकोत."
"ताप बाहेर येताना तोंड जवळ नेऊ नये."
"पिन खाली गेल्यावर झाकण उघडू नये."
"डाळ शिजल्यावर १० मिनिटे थांबून मग वाफ सोडावी."

प्लग तीन चपट्या पिनांचा आहे, आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मावशीच्या हाताला थोडा कंप आहे आणि बारीक अक्षर दिसत नाही. तिला वाचता येईल असा कागद करून द्यायचा आहे. पानाचा फोटो जोडलाय.

अप्पा_दादर

सावनी, सौदीत वीज ६० हर्ट्झची असते आणि आपल्याकडे ५० ची. त्यामुळे कन्व्हर्टर घेतल्याशिवाय लावू नका, आतली कॉइल जळेल. झाकणाचं म्हणाल तर फार विचार नको. वरची वाफेची खुंटी फिरवायची, दोन मिनिटांत वाफ जाते, झाकण उघडतं. आमच्याकडे रोज असंच करतात.

निशिगंधा

मावशींना पेसमेकर असेल तर हा कुकर अजिबात नको! माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी शेगडीपासून ६० सेंटीमीटर लांब राहायला सांगितलंय.

दुभाष्या_मस्कत

निशिगंधाताई, ते अंतर इंडक्शन शेगडीसाठी आहे. या कुकरच्या तळाशी साधी तापणारी प्लेट असते, तेव्हा तो नियम इथे नको.

सावनी, फोटो पाहिला. तिसरी ओळ आधी घेतो, कारण ती उलटी झाली आहे. मूळ वाक्य आहे, "झाकण उघडू नका, पिन पूर्ण खाली गेल्यानंतर सोडून." अरबी सूचनांमध्ये "नका" सुरुवातीला येतं आणि अपवाद सांगणारा छोटा शब्द मधे कुठेतरी येतो. तो वाचायचा राहिला की नेमका धोक्याचा अर्थ हाती लागतो. मावशींसाठी ती ओळ अशी लिहा: "पिन खाली गेली की मगच झाकण उघडा." पिन वर असताना आत दाब असतो. झाकण फिरत नसेल तर जोर लावायचा नाही, थांबायचं.

आता आकडे. अरबी पुस्तिकेत पोकळ गोल म्हणजे ५, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्या गृहस्थांनी गोलाला शून्य वाचलं. म्हणजे ४/० हे ४/५ आहे आणि ३/० हे ३/५. अपूर्णांकातला कोणता आकडा कुठल्या बाजूला छापलाय यावर जाऊ नका, भांड्यापेक्षा जास्त भरता येत नाही, म्हणून लहान आकडा वर असणार.

चौथ्या ओळीतला १० परत बघून सांगा. उभ्या रेघेपुढे ठिपका आहे की गोल?

दुसऱ्या ओळीतला "ताप" म्हणजे वाफ. अरबीत वाफेला बुखार म्हणतात.

सावनी_चि

गोल आहे! छोटा, पण स्पष्ट पोकळ. त्याच पानावर वॉटच्या आकड्यात रेघेपुढे तीन ठिपके आहेत, ते वेगळे दिसतात.

दुभाष्या_मस्कत

मग ती १५ मिनिटं आहेत. आणखी एक ओळखून ठेवा. अरबी ९ आपल्या १ सारखा दिसतो, आणि अरबी ६ इंग्रजी सातसारखा. त्या गृहस्थांनी उतरवलेला प्रत्येक आकडा या नजरेने पुन्हा तपासा, नाहीतर शिजवण्याच्या वेळाही चुकतील.

वायरमन_सातारा

अप्पा, हर्ट्झचं तुमचं इथे लागू होत नाही. तापणाऱ्या प्लेटला ५० आणि ६० सारखेच, आणि पट्टीवर ५०/६० दोन्ही लिहिलंय. बघायचा तो व्होल्टचा आकडा. सौदीत जुन्या घरांत १२७ व्होल्ट असायचे. तसलं यंत्र आपल्या २३० वर लावलं तर सव्वातीन पट ताकद ओढतं आणि जळतं. सावनीताईंच्या पट्टीवर २२०-२४० आहे, म्हणजे ठीक.

वाफेची खुंटी मात्र डाळीला लगेच फिरवायची नाही, ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. डाळीचा फेस वर चढलेला असतो. खुंटी फिरवली की दाब एकदम उतरतो, आतलं पुन्हा उसळतं आणि वाफेबरोबर फेस बारीक भोकातून बाहेर फवारतो. हातावर उडतो आणि थोडा भोकात सुकून बसतो. पुढच्या वेळी तेच भोक बंद असतं. तांदूळ, साबुदाणा, पातळ खीर, सगळ्यांचं असंच. अप्पांकडे रोज चालत असेल तर बहुतेक भाज्या किंवा मटण असणार, त्यात फेस होत नाही.

प्लगबद्दल. तीन चपट्या पिनांचा तो ब्रिटिश पद्धतीचा प्लग, आत १३ अँपिअरचा फ्यूज असतो. बाजारातला "सगळे देश" वाला अ‍ॅडॉप्टर लावू नका. त्यातल्या बऱ्याच जणांत अर्थिंगची पिन आतून जोडलेलीच नसते आणि कुकरचं अंग धातूचं आहे. शिवाय जड प्लग लोंबकळून सैल होतो, सैल झाला की तापतो. इलेक्ट्रिशियनकडून प्लग कापून आपला तीन गोल पिनांचा बसवून घ्या. तपकिरी वायर फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी वरच्या मोठ्या पिनेला. १००० वॉटला साडेचार अँपिअरच्या आत करंट लागतो, म्हणजे ६ अँपिअरचा प्लगही चालतो, पण मी १६ चा बसवेन. पिना जाड, पकड घट्ट. आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. जुन्या घरांत भोकं तीन असतात, वायरी दोनच.

अप्पा_दादर

बरोबर, आमच्याकडे बटाटे आणि मटणच होतं. डाळ अजून गॅसवरच्या कुकरला. पण १५ मिनिटं थांबायचं तर डाळ जास्त शिजून गाळ होणार नाही का?

वायरमन_सातारा

होते थोडी, म्हणून शिजवण्याची वेळ तेवढी कमी लावायची.

दुभाष्या_मस्कत

सावनी, कागदाबद्दल. अरबी पानात "धोका", "इशारा", "खबरदारी" अशा तीन पायऱ्यांखाली तीसेक ओळी आहेत. त्या क्रमाने उतरवल्या तर मावशी पहिल्या पाचच वाचतील. त्यापेक्षा हाताच्या कामाच्या क्रमाने लिहा: बटण लावण्याआधी, चालू असताना, झाल्यावर. आणि शक्य तिथे "हे करू नका" ऐवजी "हे करा" असं लिहा. मी असं लिहीन:

"या कुकरला शिटी होत नाही. शिटीची वाट बघू नका, झाल्यावर तो आवाज देतो.
आतलं भांडं बाहेरून कोरडं पुसा. प्लेटवर दाणा पडला असेल तर काढा. मग भांडं ठेवा.
डाळ-तांदूळ पाण्यासकट अर्ध्या भांड्यापर्यंतच.
झाकणाची रबरी रिंग सगळीकडे बसली आहे का, बोट फिरवून बघा.
चालू असताना वरच्या खुंटीवर फडकं ठेवू नका. खुंटी थोडी हलते, ती हलणारच.
झाल्यावर १५ मिनिटं थांबा. पिन खाली गेली की झाकण उघडा, झाकण तोंडापासून पलीकडे उचला.
आतलं भांडं गॅसवर ठेवू नका. बाहेरचा डबा नळाखाली धरू नका."

शिटीची ओळ पुस्तिकेत नाही, ती मी घातली आहे. पन्नास वर्षं शिट्या मोजलेल्या माणसाला शांत कुकर बिघडलेला वाटतो, आणि मग तो खुंटी दाबून बघतो किंवा झाकण हलवतो. खुंटीचं हलणं त्याच कारणासाठी लिहिलंय, नाहीतर ती सैल आहे म्हणून कोणी दोरा बांधेल.

अर्ध्या भांड्याचंही मुद्दाम. पुस्तिकेप्रमाणे फुगणाऱ्या पदार्थांना ३/५ म्हणजे ३.६ लिटर चालतं. पण अर्धं डोळ्यांना कळतं, ३/५ कळत नाही. ३ लिटर पाणी मोजून ओता, आत कुठे येतं ते मावशींना दाखवा.

वायरमन_सातारा

प्लेटवरच्या दाण्याची ओळ ठेवाच. प्लेटच्या मधोमध स्प्रिंगवरचा गोल सेन्सर असतो. दाण्याने भांडं तिरकं बसलं की सेन्सरला खरं तापमान कळत नाही. मग कधी तळ करपतो, कधी मधेच बंद. गॅसवर ठेवलेल्या भांड्याचंही तसंच, तळ थोडा फुगला की प्लेटला नीट टेकत नाही.

आणि पिन वर येतच नसेल, कडेने वाफ निघत असेल, तर शंभरातले बहुतेक वेळा रिंग नीट बसलेली नसते. प्लग काढून, गार करून रिंग पुन्हा बसवायची.

सावनी_चि

दोघांचेही खूप आभार. दोन गोष्टी उरल्या. पुस्तिकेत "कमीत कमी १/५" अशीही ओळ आहे (गोल बघितला!). ६ लिटरचा पाचवा भाग म्हणजे १.२ लिटर. मावशी एकटीपुरती एक वाटी डाळ लावते, अडीच वाट्या पाणी. ते अर्ध्या लिटरच्या आसपासच भरतं. आणि एक ओळ आहे की शारीरिक क्षमता कमी असलेल्यांनी देखरेखीशिवाय वापरू नये. ती कंप असलेल्या माणसाला लागू होते का?

निशिगंधा

खाली पाणी घालून जाळीवर डब्यात डाळ लावा. मी तसंच करते, करपत नाही.

दुभाष्या_मस्कत

डब्याची पद्धत चांगली आहे, पण पुस्तिकेतला पाचवा भाग डब्यातलं धरून की फक्त खालचं पाणी, हे त्या पानावर लिहिलेलं नाही. मॉडेल नंबर तळाच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत असतो. तो घालून कंपनीच्या साइटवर इंग्रजी पुस्तिका शोधा, तिथे स्पष्ट असू शकेल. फक्त ती २२०-२४० व्होल्टवाल्याच मॉडेलची आहे ना, ते बघा.

क्षमतेची ओळ घरगुती विजेच्या उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेली आहे, जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत असते. माझ्या मते कागदावर ती नको, मावशींना उगाच लागेल.

वायरमन_सातारा

इथे माझं मत वेगळं आहे. कागदावर नसली तरी ती ओळ सावनीताईंनी पाळावी. पहिले काही दिवस शेजारचं कोणी तरी उभं राहून बघावं की कंप असलेल्या हाताने झाकण खाचेत सरळ बसतंय का, भरलेलं भांडं उचलता येतंय का. ३ लिटर डाळीसकट ते भांडं जवळपास ४ किलो होतं. उचलता येत नसेल तर पळीने वाढून घ्यायचं, भांडं गार होईपर्यंत आतच.

सावनी_चि

शेजारच्या वहिनींना सांगते. प्लगचं काम झाल्याशिवाय कुकर खोक्यातच राहील. मॉडेल नंबर उद्या मावशीकडून फोनवर घेते आणि पुस्तिका सापडली तर पाचव्या भागाचं इथेच लिहिते.

अप्पा_दादर

नंबर तिला वाचायला लावू नका, अक्षर बारीक असतं. त्या वहिनींना पट्टीचा फोटो काढून पाठवायला सांगा.